परत आलेले अठ्ठेचाळीस शर्ट

नागुबाईनं माझं काम सोडलं त्या दिवशी मी दोन स्टीलचे डबे आपटले आणि एकाचं झाकण कायमचं वाकडं करून घेतलं. राग यायचाच की. लातुरात क्लासेसच्या मागच्या गल्लीत माझी मेस हाय. डॉक्टर व्हायला गावोगावची पोरं-पोरी येतात, त्यातली दीडशे माझ्याकडं दोन टाईम जेवतात. अकरा वर्षं त्यांच्या भाकऱ्या नागुबाईनं केल्या. दिवसाला चारशे! ज्वारीचं पीठ काटवटीत घेतलं की बाई मान वर करायची न्हाई. मला लोक सगुणाबाईची मेस म्हणून ओळखतात, पण पोरं भाकरी कुणाची खायला येतात ते मला चांगलं ठावं होतं.

गेली दोन वर्षं तिचा उजवा गुडघा सुजून राहिला होता. पाटावर बसली की उठताना भिंत धरायची. मी म्हणायचे, "नागू, ओट्यावर उभ्यानं कर." तर म्हणायची, "बाई, उभ्यानं माझी भाकरी फिरत न्हाई." हट्टी तर असली!

तिची पोरगी लुंबिनी. नवरा गेल्यावर नागुबाईनं अहमदपूर सोडलं आणि या एका लेकीला घेऊन लातुरात खोली केली. पोरगी बीएस्सी झाली. एमपीएस्सीच्या नादाला दोन वर्षं लागली, मग म्हणाली आता बास, आणि मोबाईलवर टी-शर्ट विकायला लागली. मी विचारलं, "शर्ट ठेवतीस कुठं गं? खोली तर हातभर." तर हसली. म्हणाली, "मावशी, मी शर्ट ठेवतच न्हाई. मी फक्त डिझाईन करते. दुकान इंटरनेटवर. माणसानं ऑर्डर टाकली की एक कंपनी तेवढाच एक शर्ट छापते आणि परस्पर त्याच्या घरी पाठवते. त्यांचे पैसे ते कापून घेतात, वरचे माझे."

मला ते ऐकायला लई गोड वाटलं. पीठ न आणता भाकरी विकायची, असला धंदा मला का न्हाई सापडला म्हणून दोन दिवस मनात जळत होते.

सुरुवातीला तिचं काही खपलं न्हाई. आई, दोस्ती, क्रिकेट, जे जगाला आवडतं ते सगळं तिनं छापून बघितलं. जगात तसले शर्ट विकणारे हजार हायत, हिचा कोण घेतो? मग अर्धापूरच्या केळीवाल्यांसाठी एक केला. तीन खपले, त्यातले दोन तिच्या मामानं घेतले. तेव्हा पोरीच्या डोक्यात उजेड पडला की गिऱ्हाईक असं पाहिजे ज्याला शर्ट बघून वाटलं पाहिजे, अरे, हे माझ्याबद्दलच हाय. आणि असली माणसं गल्लीत भरून वाहून राहिली होती. एकदा नापास होऊन परत वर्षभर घासणारी पोरं. काळ्या शर्टावर मोठ्या अक्षरात "रिपीटर" आणि खाली बारीक "पुन्हा विचारू नका, काका". पोरं पागल झाली. एप्रिल महिन्यात दोनशे ऑर्डरी!

एका शर्टामागं दीडशे रुपये उरतात, असं तिनं आईला सांगितलं. दोनशे गुणिले दीडशे. तीस हजार. नागुबाईला मी द्यायची महिन्याला नऊ.

"आई, उद्यापासून मेसला जायचं न्हाई," पोरगी म्हणाली. आणि एक मेला नागुबाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. डोळ्यात पाणी, पण तोंडावर असं काही हसू की मला बघवेना. मी म्हणलं, "जा बाई, जा. लेक मोठी झाली." आणि ती गेल्यावर डबे आपटले. तरी मनात एक आशा ठेवली होती. तिला सांगून टाकलं होतं, "नवी बॅच जूनला येते. एकतीस तारखेपर्यंत तुझी जागा धरून ठेवते. मग शिरूर अनंतपाळची सिद्धम्मा हाय, तिला हो म्हणणार."

अठरा मेच्या दुपारी लुंबिनी आली. मेसमध्ये कुणी न्हाई, मी तांदूळ निवडत बसलेली. पोरगी समोर बसली आणि पाणीसुद्धा मागितलं न्हाई. चेहरा उतरलेला.

"मावशी, आईला सांगायचं न्हाई. शपथ घ्या."

"काय झालं ते सांग आधी."

"बँकेत तीस हजार पाहिजेत. चार हायत. आणि ते चारही माझे जुनेच हायत."

मी ताट बाजूला ठेवलं. "कुणी फसवलं का?"

"कुणी न्हाई फसवलं. मीच मला फसवलं." तिनं वही काढली. चारशे नव्व्याण्णवला शर्ट. छापणारी कंपनी कर धरून दोनशे बावन्न घेते. पाठवायचे पासष्ट. आणि शर्ट हातात आल्यावर पैसे द्यायचे असतील तर कुरिअरवाला पैसे गोळा करायचे वरून चाळीस घेतो. खाली उरले एकशे बेचाळीस. "मी ह्यालाच दीडशे म्हणत होते," पोरगी म्हणाली.

"मग बरोबरच हाय की."

"जाहिरात धरली न्हाई मावशी. मोबाईलवर जाहिरात चालवते, रोज चारशे-पाचशे कापले जातात. ते मला कधी शर्टाचा खर्च वाटलाच न्हाई. महिन्याचे चौदा हजार झाले. एका ऑर्डरीला सत्तर."

आता माझं डोकं चालायला लागलं. मेसवालीला हे नवं न्हाई. गॅस, तेल, फुटलेल्या वाट्या, अर्ध्या महिन्यात गावी पळालेलं पोरगं, हे न धरता ताटाचा भाव लावला तर दिवाळीपर्यंत कुलूप लागतं. मी म्हणलं, "सत्तर गेले तरी सत्तर राहतात. दोनशे शर्टांचे चौदा हजार. ते कुठं हायत?"

तेव्हा ती रडली. "परत आले."

"काय परत आले?"

"शर्ट. एकशे साठ जणांनी पैसे नंतर देतो म्हणून मागवले होते. त्यातल्या अठ्ठेचाळीस जणांनी घेतलेच न्हाईत. कुरिअरवाला फिरून आला. छपाई तर झालेली, तिचे दोनशे बावन्न गेले. जायचे पासष्ट, यायचे पासष्ट. एका शर्टाला तीनशे ब्याऐंशी माझ्या अंगावर. अठरा हजार, मावशी! विकलेल्या शर्टांनी जे कमवलं ते ह्यांनी खाल्लं, वरून जाहिरात. सगळं धरून साडेनऊ हजार खड्ड्यात हाय मी. जेवढे जास्त विकले तेवढी जास्त बुडाले. आणि हे आधी कळायला मार्गच न्हाई, कारण ऑर्डर एप्रिलची आणि शर्ट परत येतो मेच्या मध्यात."

साडेनऊ हजार. आईनं सोडलेला पगार आणि वर पाचशे. दोघींच्याही मनात तेच आलं असणार.

"का घेतले न्हाईत म्हणं?" मी विचारलं.

"कंपनी एवढंच लिहिते, गिऱ्हाईक भेटलं न्हाई. मला वाटतं कापड पातळ हाय म्हणून बोभाटा झाला असंल. आता जाड कापडाचा घेते, साठ रुपये जास्त. आणि जाहिरात तिप्पट करते, ह्याच पोरांना. एवढा चाललेला शर्ट हाय, एक महिना नीट गेला तर खड्डा भरून निघंल. आईला कळायच्या आत भरून काढते."

तिनं मोबाईलवर परत आलेल्या शर्टांचे पत्ते दाखवले. अमुक बॉईज हॉस्टेल, खोली चौदा. तमुक गर्ल्स हॉस्टेल, दुसरा मजला. सगळ्या तारखा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या.

मला एका क्षणात कळालं. कापडाचा काही संबंधच न्हाई. आणि मी तोंड उघडलं न्हाई.

आता खरं सांगते, लपवून काय करू. माझ्या मनात पहिलं काय आलं असंल तर नागू परत येती. हे पोरगीचं दुकान बुडतंय, दहा-बारा दिवसांचा प्रश्न हाय, एक जूनला नागू काटवटीपुढं बसलेली असंल. मी एवढंच म्हणलं, "बघ बाई, तुझं तुला कळतं." आणि पोरगी डोळे पुसून गेली. वा गं सगुणे! शाबास!

दोन दिवस मी असली चिडचिड केली की भांडीवालीनं विचारलं, "बाई, बीपीची गोळी घेतली का?" पोळीला तूप लावताना वाटायचं, सांगावं. पुन्हा वाटायचं, सिद्धम्माची भाकरी जाड असती, पोरं दुसऱ्या मेसला जातील. माझाही धंदाच हाय ना. माझ्या घरी कोण आणून देणार हाय? असं स्वतःशीच भांडत बसले.

वीस तारखेला दुपारी नागुबाई आली. हातात लोणच्याची बरणी. साडी धुतलेली, केस नीट विंचरलेले.

"बाई, जय भीम. म्हणलं लोणचं देऊन यावं."

"बस की. गुडघा कसा हाय?"

"सूज उतरली, बघा." तिनं साडी जराशी वर करून दाखवली. खरंच उतरली होती. "बाई, एक सांगू का? हसू नका. काल दुपारी मी झोपले. भर दुपारी! जाग आली तर मला कळंना सकाळ हाय का संध्याकाळ. घाबरून उठले, म्हणलं भाकऱ्या राहिल्या. मग ध्यानात आलं, आता भाकऱ्या न्हाईत. आणि पुन्हा झोपले." आणि बाई तोंडावर पदर धरून अशी हसली की पोरगीच वाटली.

मला त्या बरणीकडं बघवेना. ती गेली आणि मी पायात चप्पल सरकवून मागच्या रस्त्यानं लुंबिनीला गाठलं. ती एका मैत्रिणीच्या खोलीवर लॅपटॉप घेऊन बसायची, आईसमोर हिशेब नको म्हणून. दार उघडताच मी विचारलं, "जाहिरात तिप्पट केली का?"

"हाव. दोन दिवसांत तीन हजार गेले."

"बंद कर. आत्ता. माझ्यासमोर."

पोरगीनं लॅपटॉपवर हात ठेवला. "का पण?"

"अगं येडे, परीक्षा कधी झाली? मेच्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या मेसमध्ये किती ताटं वाढली म्हाईत हाय? सहा! दीडशेची सहा! पेपर झाला की पोरं बॅगा उचलून सरळ बसस्टँडला जातात. हॉस्टेलं त्याच दिवशी ओस पडतात. मी त्या आठवड्यात भाजीसुद्धा आणत न्हाई. तुझी ऑर्डर पंचवीस एप्रिलची. छापायला तीन दिवस, यायला पाच-सहा दिवस. तुझा कुरिअरवाला हॉस्टेलच्या दारात उभा राहिला तेव्हा तुझी पोरं परभणी, हिंगोली, देगलूरला आपल्या आईच्या हातचं जेवून राहिली होती. एका शर्टासाठी कोण परत येतंय? पैसे दिले असते तर घरी मागवून घेतला असता. दिलेच न्हाईत, मग त्यांचं काय जातंय?"

लुंबिनी खाली बसली. पत्ते पुन्हा बघितले. अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस हॉस्टेलं.

"मी इथंच राहते मावशी. मला कसं कळालं न्हाई?"

"तू गिऱ्हाईकाला आवडतंय का एवढंच बघितलंस. तो राहतो कुठं, कधीपर्यंत, आणि पैसे कधी देतो, हे बघितलंच न्हाईस." आणि मग जे गळ्यात अडकलं होतं तेही बाहेर आलं. "आणि मला परवाच कळालं होतं. मी सांगितलं न्हाई. मला तुझी आई परत पाहिजे होती."

पोरगी माझ्याकडं असं बघत राहिली की मला वाटलं आता हाकलती. मी हाकलली असती. ती म्हणाली, "तीन हजार गेले, मावशी." बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग मी म्हणलं, "ज्यांनी आधी पैसे दिले ते कोण हायत?"

चाळीस जण होते. त्यातला एकही शर्ट परत आला नव्हता. आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे रिपीटर नव्हतेच. तिचा एक जुना शर्ट होता, तिनंच विसरलेला. पांढऱ्यावर लाल अक्षरं, "लई झालं, आता च्या मांड". तो मागवणारे पुण्यात, हैदराबादेत नोकरीला गेलेले आपल्या नांदेड-लातूरचे लोक. एकानं चिठ्ठीत लिहिलं होतं, माझी आज्जी असंच म्हणायची, बायकोसाठी पण एक पाठवा.

"ह्यांचा पत्ता पक्का, पगार पक्का, आणि गावाची आठवण येऊन राहिली," मी म्हणलं. "ह्यांना विक. रिपीटरवाले जुलैत बघ, पोरं बसली की."

दहा दिवस पोरगीनं जे काम केलं ते मी बघितलंय. हातात आल्यावर पैसे, हे बंदच केलं. पैसे आधी, तरच शर्ट. किंमत पाचशे एकोणपन्नास. जाहिरात फक्त पुणे आणि हैदराबाद, आणि रोज दोनशे ऐंशीच्या वर एक रुपया न्हाई. आपल्या बोलण्यातले चार शर्ट नवे केले. एकात "करून राहिलो" लिहिलं तर छापणाऱ्याकडं फाईल उघडल्यावर अक्षरं फुटली, काना एकीकडं, मात्रा एकीकडं. तिनं सगळ्या अक्षरांचं चित्र करून पुन्हा पाठवलं, आणि आधी एक शर्ट स्वतःला मागवून बघितला, मगच दुकानात लावला. पाठीवर छापलं की साठ रुपये वाढतात म्हणून पाठ कोरी ठेवली. रोज सकाळी माझ्याकडं येऊन आकडा सांगायची. पहिला दिवस एक. दुसरा दिवस शून्य. तिसराही शून्य. मी देवापुढं दिवा लावताना काय मागावं तेच मला कळंना. एकतीस जवळ येऊन राहिली, तिकडं सिद्धम्माचा फोन, "बाई, हो का न्हाई ते सांगा." चौथ्या दिवशी पाच शर्ट गेले. सातव्या दिवशी एका हैदराबादवाल्यानं एकट्यानं सहा घेतले.

एकतीसला सकाळी पोरगी वही घेऊन आली. एकोणतीस शर्ट. परत आलेला एकही न्हाई. छपाई, पाठवणी, पैसे भरायच्या कंपनीचे अकरा रुपये, जाहिरात, सगळं जाऊन एका शर्टामागं एकशे चोवीस. दहा दिवसांचे छत्तीसशे.

"महिन्याचे दहा-अकरा हजार झाले की गं!" मी खूश झाले. "जमलं! सिद्धम्माला हो म्हणते मग."

"थांबा." तिनं वही मिटली. "दहा दिवस म्हणजे महिना न्हाई. जून कसा जाईल मला म्हाईत न्हाई. साडेबारा हजारांच्या खड्ड्यातले नऊ हजार अजून भरायचे हायत. मागल्या वेळी मी आईला आकडा सांगितला आणि तिनं त्यावर विश्वास ठेवून काम सोडलं. आता खोटा आकडा सांगायचा न्हाई. सकाळी च्या घेताना सगळं सांगून टाकलं."

"आणि?"

"कप ठेवला आणि चप्पल शोधायला लागली. मेसला यायला निघाली होती." पोरगीचा आवाज चिरकला. "मी दाराला बाहेरून कडी घालून आलेय मावशी."

"अगं बाई! आईला कोंडलंस?"

"आईची जागा मला द्या. सकाळी पाच ते अकरा भाकऱ्या करीन, दुपारी दुकान बघीन. शर्टाचं चांगलं चाललं तर सहा महिन्यांनी मी जाईन. न्हाई चाललं तरी आई येणार न्हाई. तिचा गुडघा माझ्या हिशेबात धरायचा न्हाई."

मी ओरडले, "तुला भाकरी येते का तरी?"

"न्हाई."

"मग पगार आठच देईन. आणि जा आधी ती कडी काढ!"

सिद्धम्माला मी न्हाई म्हणून कळवलं. पहिले चार दिवस पोरगीच्या भाकऱ्या बघून मला रडावं का हसावं कळंना. एक जाड, एक फाटलेली. तिची चारही बोटं भाजली. पोरं कुरकुरली तर मी त्यांना दटावलं, गपगुमान खावा म्हणलं, भाकरीच हाय ती.

पाचव्या दिवशी साडेदहाला नागुबाई आली. मी म्हणलं आता ही काटवटीपुढं बसणार. आल्या आल्या पदर खोचलाच तिनं. लुंबिनी तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "आई, तिकडं बाकावर." दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मी मधी पडले, तिचा दंड धरून तिला पोरांच्या ओळीत बाकावर बसवलं. म्हणलं, "नागू, तुला माझं एक सांगायचं राहिलंय. दोन दिवस मी तुझ्या पोरीचं नुकसान होऊ दिलं. का ते सांगते, पण आधी जेव."

अकरा वर्षं ह्या मेसमध्ये ती सगळ्यांचं झाल्यावर, तीन वाजता, गार झालेलं, जमिनीवर बसून जेवली होती. आज लुंबिनीनं ताट आणून तिच्यापुढं ठेवलं. वरण, वांग्याची भाजी आणि वाफाळलेली भाकरी, एका बाजूनं करपलेली. नागुबाईनं ताटाला हात लावला आणि तशीच बसून राहिली. शेजारच्या पोरानं विचारलं, "मावशी, गरम हाय का?"

"हाव रे," ती म्हणाली, "लई गरम हाय," आणि करपलेल्या बाजूनंच पहिला तुकडा मोडला.